सरासरीकडे ओढला जाणारा व्याजदर

एका रात्रीपुरत्या कर्जाच्या दरावरून दहा वर्षांच्या रोख्याची किंमत काढता येईल का? ओल्डरिख वासिचेक यांनी 1977 मध्ये मांडलेले प्रतिमान या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देते. अल्पकालीन दर कितीही भरकटला तरी तो एका दीर्घकालीन पातळीकडे ओढला जातो, हे त्याचे मूळ गृहीत आहे. सूत्र असे:

dr = a(b − r)dt + σ dW

यात r हा आजचा दर, b ही दीर्घकालीन पातळी, a हा ओढीचा वेग आणि σ ही यादृच्छिक धक्क्यांची तीव्रता. समजा r 5 टक्के, b 7 टक्के, a 0.2 आणि σ 1 टक्का आहे. मग दर आणि पातळी यांतले अंतर निम्मे व्हायला सरासरी साडेतीन वर्षे लागतात.

मधले व्याज न देता मुदतीअखेर 100 रुपये देणारा रोखा घेऊ. त्याची आजची किंमत म्हणजे दराच्या सर्व संभाव्य वाटांवर वटवलेल्या मूल्याची सरासरी. (जोखमीचा मोबदला b मध्येच धरलेला असतो, म्हणून ही पातळी इतिहासातल्या सरासरीइतकीच असेल असे नाही.) दहा वर्षांत दर 5 वरून 7 कडे सरकत जाईल, हे धरून किंमत सुमारे 54.40 रुपये येते, म्हणजे वार्षिक परतावा 6.09 टक्के. मुदतीगणिक असे परतावे मांडले की चढती परतावा-रेषा तयार होते.

आता अल्पकालीन दर अचानक 6 टक्के झाला, तर? दहा वर्षांचा परतावा पूर्ण एक टक्क्याने वाढत नाही, फक्त 0.43 टक्क्याने वाढतो, कारण हा धक्का पुढे विरत जाणार हे प्रतिमानाला ठाऊक आहे. T वर्षांच्या परताव्याची अस्थिरता σ(1 − e^(−aT))/(aT) इतकी असते. एका वर्षासाठी ती 0.91 टक्के, पाच वर्षांसाठी 0.63, तर तीस वर्षांसाठी जेमतेम 0.17. ओढ नसती, म्हणजे a शून्य असता, तर सगळ्या मुदतींना सारखाच 1 टक्का आला असता. किमतीची गोष्ट मात्र उलटी आहे: मुदत वाढली की तिची अस्थिरता वाढते, पण σ/a म्हणजे 5 टक्क्यांपाशी थबकते.

उणीव इथेच दिसते. बाजारातल्या पर्यायांच्या किमतींतून काढलेली अस्थिरता पुष्कळदा आधी चढते आणि मग उतरते. वासिचेकची रेषा मात्र फक्त उतरते, आणि स्थिर b मुळे आजची प्रत्यक्ष परतावा-रेषाही क्वचितच तंतोतंत जुळते. हल आणि व्हाइट यांनी 1990 मध्ये b ला काळानुसार बदलू देऊन दुसरी अडचण सोडवली. a आणि σ स्थिर ठेवले तर पहिली उरतेच, आणि तिच्यासाठी बहुधा दुसरा यादृच्छिक घटक जोडावा लागतो.