रम, कोका-कोला आणि त्रिनिदादचा टोमणा

1945 साली अमेरिकेत ‘रम अँड कोका-कोला’ हे गाणं घरोघरी वाजत होतं. अँड्र्यूज सिस्टर्स या तीन बहिणींनी ते गायलं होतं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा, ऊन आणि थंडगार पेय यायचं. काही रेडिओ केंद्रांनी गाणं लावायला नकार दिला, पण मुख्यतः दारूचा उल्लेख आणि एका कंपनीची फुकट जाहिरात होते म्हणून. एक आई आणि तिची मुलगी डॉलरसाठी नेमकं काय ‘काम’ करतात, हा प्रश्न फारसा कुणाला पडलाच नाही. गाताना आम्हीही शब्दांचा विचार केला नव्हता, असं या बहिणींपैकी मॅक्सीनने पुढे सांगितलं.

मूळ गाणं त्रिनिदादचं. लॉर्ड इन्व्हेडर या नावाने गाणाऱ्या रूपर्ट ग्रँटने 1943 मध्ये ते लिहिलं. परक्या श्रोत्याला ते समजावताना शब्दकोश काढून उपयोग नाही, कारण यातला एकही शब्द अवघड नाही. सुरुवात करावी लागते ती गावाच्या नावापासून. गाण्यात पॉइंट कुमाना येतं. अमेरिकन कानांना ते सहलीचं ठिकाण वाटलं. प्रत्यक्षात राजधानी पोर्ट ऑफ स्पेनकडून शाग्वारामासच्या अमेरिकी नौदल तळाकडे जाताना लागणारी ही किनाऱ्यावरची वस्ती. 1940 च्या करारानुसार ब्रिटनने अमेरिकेला जुन्या विनाशिकांच्या बदल्यात अनेक ठिकाणी तळांसाठी 99 वर्षांच्या भाड्याने जागा दिल्या, त्यांत त्रिनिदादही होतं. त्रिनिदादच्या श्रोत्याला गावाचं नाव ऐकताच गिऱ्हाईक कोण, ते कळायचं.

मग येतो ‘यांकी डॉलर’. तळावरची मजुरी उसाच्या मळ्यांपेक्षा कितीतरी जास्त असल्याने माणसं मळे सोडून तिकडे गेली. त्यामुळे यांकी डॉलरसाठी काम करणं हे अगदी साधं, खरं विधान होतं. त्याच शब्दांत सैनिकांना शरीर विकणंही बसत होतं. मराठी श्रोत्याला द्व्यर्थी म्हटलं की दादा कोंडके आठवतात, आणि तिथे गंमत बहुतेक वेळा शब्दावरच्या कोटीत असते. इथे कोटी नाही. वाक्याचे दोन्ही अर्थ गावात एकाच वेळी खरे होते, आणि कुठला घ्यायचा ते ऐकणाऱ्यावर सोडलेलं होतं.

असं आडून बोलायला एक व्यावहारिक कारणही होतं. कॅलिप्सो गायक कार्निव्हलच्या मोसमात तंबूत गायचे, आणि 1934 च्या नाट्यगृह व नृत्यगृह कायद्याने अशा सादरीकरणावर पोलिसांची नजर आली होती. अश्लील किंवा कुणाची टर उडवणारं गाणं अडवता येत होतं. साहेबाने विचारलंच, तर आई आणि मुलगी तळावर नोकरीला आहेत, असं गायक शांतपणे सांगू शकत होता.

श्रोत्याला गाणं कळलं की नाही, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: यात हसं कुणाचं होतंय? ‘बायकांचं’ असं उत्तर आलं, तर अजून अर्धंच पोचलं. इन्व्हेडरच्या मूळ शब्दांत एका नवविवाहितेची गोष्ट आहे. लग्नाच्या रात्रीच ती एका यांकीबरोबर जाते आणि नवऱ्याला वेड लागतं. खिशात डॉलर नसलेला गावातला पुरुष इथे टोमण्याचा धनी आहे, आणि तंबूत समोर बसून हसणारेही बरेचसे तेच पुरुष. त्रिनिदादची रम आणि अमेरिकेचा कोला एका ग्लासात आल्यावर पैसा कुणाचा चालतो, हे त्यांना कुणी समजावून द्यावं लागत नव्हतं.

गाणं अमेरिकेत पोचलं ते 1943 मध्ये सैनिकांच्या करमणुकीसाठी त्रिनिदादला आलेल्या मोरी ॲमस्टरडॅम या विनोदी कलाकारामार्फत. त्याने शब्द आपलेच असल्याचा दावा केला. खटला झाला आणि न्यायालयाने शब्द इन्व्हेडरचे ठरवले. चाल लायोनेल बेलास्कोच्या जुन्या गाण्याची असल्याचंही वेगळ्या खटल्यात सिद्ध झालं.

युद्ध संपलं, सैनिक कमी झाले. 1956 मध्ये विशीतल्या मायटी स्पॅरोने ‘जीन अँड डायना’ गाऊन कॅलिप्सोचा मुकुट जिंकला. यांकी गेल्याने त्या बायकांचे भाव पडले आणि आता गावचे पोरगे पुन्हा राजे, असं त्यात गायलं आहे. नुसतं हेच गाणं ऐकणाऱ्याला ती तरुणाची फुशारकी वाटते. आधीचं गाणं माहीत असेल, तर तेरा वर्षांपूर्वीच्या अपमानाची ती परतफेड ठरते. मात्र दोन्ही गाणी पुरुषांनी रचलेली आहेत. पॉइंट कुमानाच्या त्या आईला किंवा मुलीला काय वाटत होतं, ते या दोन्हींत कुठेच ऐकू येत नाही.