दिवाळीच्या सुट्ट्यांना रजा जोडताना

सार्वजनिक सुट्टी मंगळवारी किंवा गुरुवारी आली की तिच्या आणि शनिवार-रविवारच्या मध्ये कामाचा एकच दिवस उरतो. तेवढ्या दिवसाची रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे मिळतात. सुट्टी बुधवारी आली तर दोन रजा लागतात. शुक्रवारी किंवा सोमवारी आली तर रजेची गरजच नसते, पण तेव्हा सगळेच घराबाहेर पडतात. हिशेब एवढा सोपा असूनही बेत फसतात, कारण दिनदर्शिकेवरचे दिवस आणि रजेच्या खात्यातले दिवस नेहमी सारखे मोजले जात नाहीत.

२०२६ ची दिवाळी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे. पाडवा मंगळवारी १० तारखेला आणि भाऊबीज बुधवारी ११ तारखेला. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या आणि भाऊबीजेची सुट्टी मिळणाऱ्या नोकरदाराने सोमवारी, ९ तारखेला एक रजा घेतली तर शनिवार ७ ते बुधवार ११ असे पाच दिवस हाती येतात. गुरुवार आणि शुक्रवारचीही रजा घेतली तर सुट्टी थेट रविवारी, १५ तारखेला संपते. म्हणजे तीन रजांमध्ये नऊ दिवस.

हे तीनचे गणित मात्र सगळ्यांना लागू पडत नाही. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. बँकांना फक्त दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा असतो. ७ नोव्हेंबर हा पहिला शनिवार, तेव्हा बँक चालू. भाऊबीजेची सुट्टी शासन आपल्या कार्यालयांना देते, ती बँकांना नसते. त्यामुळे बँकेतल्या माणसाची सुट्टी रविवारी सुरू होते आणि ९, ११, १२, १३ अशा चार रजा टाकून त्याला आठ दिवस मिळतात. शेवटचा शनिवार, १४ तारखेचा, दुसरा असल्याने तेवढा त्याच्या पदरात पडतो. एकाच घरात नवरा-बायकोच्या नोकऱ्या वेगळ्या असतील तर दोघांच्या कार्यालयांच्या याद्या शेजारी ठेवूनच तारखा ठरवाव्या लागतात.

यानंतरचा प्रश्न रजा कोणत्या खात्यातून जाणार, हा. शासकीय सेवेत वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात आणि त्यांच्या मध्ये आलेल्या सुट्ट्या रजेत धरल्या जात नाहीत. अर्जित रजेचे तसे नाही. तिच्या मागे-पुढे सुट्ट्या जोडायला परवानगी मिळते, पण मध्ये अडकलेली प्रत्येक सुट्टी रजा म्हणूनच खर्ची पडते. वरच्या उदाहरणात सोमवार ते शुक्रवार अर्जित रजा घेतली तर पाडवा आणि भाऊबीजही तिच्यात जातात आणि तीनऐवजी पाच दिवस वजा होतात. मग नैमित्तिक रजाच का घेऊ नये? कारण नैमित्तिक रजेवर, मधल्या सुट्ट्या धरून, किती दिवस सलग गैरहजर राहता येते याला मर्यादा असते आणि नऊ दिवसांचा बेत त्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो. शिवाय नैमित्तिक रजेला अर्जित रजा जोडून घेता येत नाही. तेव्हा शासकीय कर्मचाऱ्यापुढे खरे पर्याय दोन राहतात: एका नैमित्तिक रजेत पाच दिवस, किंवा पाच अर्जित रजांमध्ये नऊ दिवस. पहिला सौदा निःसंशय स्वस्त आहे. दुसरा, लांबचा प्रवास असेल तरच परवडतो.

खासगी कंपन्यांत याच नियमाला ‘सँडविच’ म्हणतात. काही ठिकाणी तो आहे, काही ठिकाणी नाही, आणि काही ठिकाणी फक्त शनिवार-रविवारला लागू आहे. शुक्रवार आणि सोमवार अशा दोन रजा घेतलेल्या माणसाच्या खात्यातून चार दिवस गेले की समजावे, तो तिथे लागू आहे. पगारपत्रकात हे कळण्याआधी मनुष्यबळ विभागाला विचारून घेणे केव्हाही बरे. कंपनीच्या यादीत भाऊबीज आहे का, हेही त्याच वेळी विचारावे.

दिवस मिळाले तरी ते कुठे घालवायचे हे वारावर अवलंबून असते, आणि इथे बहुतेकांची नजर चुकते. छत्रपती संभाजीनगरला जाऊन वेरूळ-अजिंठा पाहण्याचा बेत घ्या. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी. मंगळवारच्या सुट्टीला सोमवारची रजा जोडून जो चार दिवसांचा तुकडा तयार होतो, त्यात नेमके हेच दोन वार येतात. शनिवार-रविवारी दोन्ही लेणी पाहून घेतली नाहीत, तर रजा खर्चून मिळवलेल्या दोन दिवसांत रोज एक दार बंद. शनिवार-रविवारी गर्दीही सर्वांत जास्त असते.

त्यापेक्षा या दिवाळीत मुंबईच्या कुटुंबाने सण घरी साजरा करावा आणि भाऊबीज आटोपून बुधवारी रात्रीच्या गाडीने निघावे. शाळांना दिवाळीची सुट्टी असल्याने मुलांची अडचण नसते. गुरुवारी वेरूळ आणि वाटेवरचा देवगिरी किल्ला होतो. शुक्रवार पूर्ण अजिंठ्याला द्यावा, कारण ती लेणी शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहेत आणि जाण्यायेण्यातच निम्मा दिवस जातो. शुक्रवारी रात्री गाडीत बसले की शनिवारी सकाळी घर. मग शनिवार-रविवार धुणीभांडी, झोप आणि उरलेल्या फराळासाठी मोकळे राहतात. शेवटचा दिवस प्रवासात घालवून सोमवारी थेट कामावर जाणाऱ्याची नऊ दिवसांची सुट्टीही थकव्यात संपते. परतण्याआधीचा एक तरी दिवस घरी काढायलाच हवा.

ठरलेल्या तारखा शेवटच्या क्षणी हलूही शकतात. २०२५ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरांत ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवार, ५ सप्टेंबरवरून सोमवार, ८ सप्टेंबरवर नेण्यात आली, कारण ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. सलग दिवस तीनच राहिले, पण शुक्रवारची तिकिटे काढलेल्यांचा बेत मोडला. चंद्रदर्शनावर किंवा मिरवणुकांवर अवलंबून असलेल्या सुट्टीभोवती परत न मिळणारे पैसे गुंतवू नयेत. दिवाळीला ही भीती जवळपास नाही.

राहिले रेल्वेचे आरक्षण. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडते. बुधवार, ११ नोव्हेंबरच्या गाडीचे तिकीट त्यामुळे शनिवारी, १२ सप्टेंबरला मिळू लागेल आणि शुक्रवार, १३ नोव्हेंबरच्या परतीचे १४ सप्टेंबरला. त्या दिवशी गणेश चतुर्थी आहे. घरात प्रतिष्ठापनेची गडबड सुरू असताना हे तिकीट हमखास राहून जाते. गाडी आदल्या दिवशी दुसरीकडून सुटून येणारी असेल तर ६० दिवस तिच्या सुटण्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे आरक्षण आणखी एक दिवस आधीच उघडते. रजेचा अर्ज या तारखांच्या आधी मंजूर करून घ्यावा, कारण भाऊबीजेनंतरचे दोन दिवस कार्यालयातल्या आणखी कितीतरी जणांना हवे असतात आणि कोणीतरी कामावर राहावेच लागते.