पस्तीस नंबरची जागा

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग. फळ्यासमोर आठ खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या. सात खुर्च्यांवर मुलं बसली आहेत आणि त्यांच्या हातांत पुठ्ठ्याचे नंबर आहेत: 20, 30, 40, 50, 60, 70, 80. आठवी खुर्ची रिकामी. मॅडमनी आणखी एका मुलाच्या हातात 35 चा पुठ्ठा दिला. "बस बघू तुझ्या जागेवर. चढता क्रम मोडायचा नाही."

जागा शोधायला त्याला वेळ लागला नाही. आधी मधला 50 पाहिला, मग 30, मग 40. तीन तुलनांत कळलं, की जागा 30 आणि 40 च्या मध्ये आहे. पण तिथे खुर्ची कुठे होती? 40 पहिल्यांदा उठला, तेव्हा मॅडमनी त्याला थांबवलं. तो थेट 50 च्या मांडीवर बसला असता, आणि संगणकात असं झालं तर आधीचा 50 पुसला जातो. म्हणून सुरुवात शेवटाकडून. 80 रिकाम्या खुर्चीवर गेला, त्याच्यामागून 70, 60, 50 आणि 40. एका मुलाला बसवायला पाच जणांना उठावं लागलं.

अ‍ॅरे म्हणजे हीच ओळ: मेमरीत एकमेकांना चिकटून असलेल्या जागा. क्रमाने लावलेल्या 10 लाख नोंदींत हवी ती जागा सुमारे 20 तुलनांत सापडते. पण नवी नोंद कुठेही येऊ शकत असेल, तर ती बसवायला सरासरी 5 लाख नोंदी सरकवाव्या लागतात. रिकाम्या अ‍ॅरेपासून सुरू करून एकेक करत 10 लाख नोंदी भरल्या, तर सरकवासरकवीची बेरीज जवळपास 25 हजार कोटींवर जाते.

मग मॅडमनी खुर्च्या बाजूला करायला लावल्या. मुलं वर्गात हवी तिथे उभी राहिली. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या मिळाल्या. डाव्या हातातली चिठ्ठी आपल्यापेक्षा लहान नंबरांकडे जायची वाट सांगणार, उजव्या हातातली मोठ्यांकडे जायची. 50 सगळ्यांत वर, म्हणजे रूट. त्याच्या डावीकडे 30, उजवीकडे 70. 30 च्या खाली 20 आणि 40. 70 च्या खाली 60 आणि 80.

35 पुन्हा निघाला. 50 पेक्षा लहान, म्हणून डावीकडे. 30 पेक्षा मोठा, म्हणून उजवीकडे. 40 पेक्षा लहान, पण 40 ची डावी चिठ्ठी कोरी होती. तिच्यावर 35 चा पत्ता लिहिला आणि काम संपलं. तुलना तीनच, अ‍ॅरेइतक्याच. फरक एवढाच, की या वेळी कोणालाही जागचं हलावं लागलं नाही. 10 लाख नोंदी अशा भरल्या आणि ट्री दोन्ही बाजूंनी समतोल राहिला, तर एकूण तुलना साधारण 2 कोटींत आटोपतात.

"आणि नंबर आधीच ओळीने आले तर?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

मॅडमनी फळ्यावर 10 लिहिला, त्याच्या उजवीकडे खाली 20, त्याच्या उजवीकडे 30. डावीकडे एकही फांदी फुटली नाही. ट्रीची साखळी झाली आणि शेवटच्या नोंदीला सगळ्यांना विचारत खाली जावं लागलं. हा दोष ओळखायचा तर उंची मोजायची. 1,000 नोंदींचा नीट भरलेला ट्री 10 पातळ्यांत मावतो. साखळीला 1,000 पातळ्या लागतात.

यावरचा उपाय सोव्हिएत गणितज्ञ अ‍ॅडेल्सन-व्हेल्स्की आणि लँडिस यांनी 1962 मध्ये मांडला. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तो एव्हीएल ट्री म्हणून ओळखला जातो. कोणत्याही नोडच्या डाव्या आणि उजव्या बाजूंच्या उंचीत एका पातळीपेक्षा जास्त फरक पडला, की तिथल्या चिठ्ठ्या बदलायच्या. मॅडमनी 20 ला वर घेतलं, 10 डावीकडे आणि 30 उजवीकडे गेला. या नियमाने 1,000 नोंदी कोणत्याही क्रमाने आल्या, तरी पातळ्या 14 च्या वर जात नाहीत.

"मग आपल्या वर्गाच्या हजेरीलाही ट्रीच करायचा?"

"साठ नावांसाठी कशाला? वर्षाकाठी दोन-तीन नावं वाढतात." प्रत्येक चिठ्ठीला मेमरी लागते, आजच्या बहुतेक संगणकांवर एका पत्त्याला 8 बाइट. शिवाय अ‍ॅरेतल्या नोंदी शेजारीशेजारी असल्याने प्रोसेसर त्या एका दमात उचलतो, तर ट्रीत त्याला पत्ते शोधत फिरावं लागतं. नोंदी थोड्या असतील, किंवा एकदाच भरून पुढे नुसत्या वाचायच्या असतील, तर अ‍ॅरेच सरस ठरतो.

तास संपायला पाच मिनिटं होती. मॅडमनी शेवटचं गणित घातलं: एव्हीएलचा नियम न वापरता 1 ते 7 हे आकडे अशा क्रमाने घाला, की ट्री तीनच पातळ्यांचा होईल. पहिल्या बाकावरची एक मुलगी खडू घेऊन फळ्याशी गेली, क्षणभर थांबली आणि तिने सगळ्यांत वर 4 लिहिला.