घोयऱ्याचे रंग: कातडीतले स्फटिक आणि त्यांचे निरोप

कुंपणावरचा सरडा आणि खरा घोयरा

अंधेरी-घाटकोपरच्या सोसायट्यांच्या बागेत कुंपणावर बसून मान हलवणारा, विणीच्या दिवसांत डोकं लालबुंद होणारा प्राणी म्हणजे बागेतला साधा सरडा. त्यालाही रंग बदलता येतो, पण तो शॅमेलिऑन नव्हे. खरा भारतीय शॅमेलिऑन, म्हणजे आपला घोयरा किंवा सरडगुहिरा, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीत राहतो आणि क्वचितच नजरेस पडतो. ओळख सोपी आहे. त्याची बोटं दोन गटांत जोडलेली असतात, त्यामुळे पाऊल फांदीला चिमट्यासारखं धरतं. शेपटीची गुंडाळी होते आणि फुगीर डोळे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना फिरतात.

हिरवा रंग येतो कुठून?

घोयऱ्याच्या कातडीत हिरवं रंगद्रव्य असेल असं आपण गृहीत धरतो. शॅमेलिऑनच्या कातडीवर सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास वेगळंच सांगतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने तो २०१५ साली प्रसिद्ध केला. अभ्यासाचा प्राणी मात्र आपला घोयरा नव्हता, मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन होता.

त्याच्या कातडीच्या वरच्या भागात पिवळं रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात. त्यांच्या खालच्या पेशींत ग्वानीन या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. स्फटिकांना स्वतःचा रंग नसतो. त्यांच्यामधलं अंतर जेवढं, त्यानुसार प्रकाशातला एखादाच रंग परत फेकला जातो. प्राणी शांत असताना स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा रंग परततो. तो वरच्या पिवळ्या थरातून बाहेर पडला की आपल्याला हिरवा दिसतो.

दुसरा नर समोर आला की स्फटिकांमधलं अंतर सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं. मग निळ्याऐवजी जास्त तरंगलांबीचे रंग परततात आणि काही मिनिटांत हिरव्या कातडीवर पिवळा, नारिंगी चढतो. लाल पट्टे लाल रंगद्रव्याचे असल्यामुळे त्यांची छटा तीच राहते, ते फक्त उजळतात. सगळं अंग काळवंडणं ही आणखी वेगळी क्रिया आहे. त्यात मेलॅनिन हे काळं द्रव्य पेशींत पसरतं.

मिठाच्या पाण्याचा पुरावा

अंतरामुळेच रंग बदलतो, हे सिद्ध कसं केलं? संशोधकांनी कातडीचा तुकडा मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवला. पेशींतलं पाणी बाहेर गेलं, पेशी आकसल्या, स्फटिक जवळ आले आणि रंग निळ्याकडे सरकला. मेंदू नाही, भावना नाही, नुसतं अंतर बदललं आणि रंग बदलला. माझ्या मते या संशोधनातला हा सर्वांत देखणा भाग आहे. जिवंत प्राण्यात पेशी हे अंतर नेमकं कसं राखतात, ते मात्र या प्रयोगातून उलगडत नाही.

स्फटिकांचा हा वरचा थर पूर्ण विकसित झालेला आढळला तो प्रौढ नरांतच. माद्या आणि पिल्लांत तो अपुरा असतो. त्याखाली मोठ्या स्फटिकांचा आणखी एक थर असतो. तो उन्हातल्या अवरक्त किरणांचा बराच भाग परतवतो.

रंग काय सांगतात?

प्रौढ नरांकडेच ही यंत्रणा का, याचं उत्तर त्यांच्या भांडणांत मिळतं. अ‍ॅरिझोनात रसेल लायगन आणि केविन मॅकग्रॉ यांनी येमेनकडच्या व्हेल्ड शॅमेलिऑनच्या नरांना समोरासमोर आणलं आणि त्यांचे रंग मोजले. अंगावरचे पट्टे जितके जास्त उजळ, तितका तो नर चाल करून जाण्याची शक्यता जास्त होती. झुंज कोण जिंकणार, ते मात्र डोक्याच्या रंगावरून कळत होतं. ज्याचं डोकं जास्त उजळ आणि झपाट्याने उजळणारं, तो बहुधा जिंकायचा. हरणारा काळवंडत जायचा. ‘मी माघार घेतो, आता मारू नकोस’ असा त्या काळोखीचा अर्थ लायगन यांनी लावला. याच जातीची गाभण मादी गडद होऊन अंगावर निळे-पिवळे ठिपके दाखवते. जवळ येणाऱ्या नराला तो नकार असतो.

म्हणजे ज्या कापडावर ठेवाल त्याचा रंग हा प्राणी घेतो, ही समजूत खरी नाही. पानांत लपायला त्याचा नेहमीचा हिरवा रंग पुरतो. ऊन शोषायला गडद होणं आणि एकमेकांना निरोप देणं, ही रंग बदलण्याची मोठी कारणं आहेत.

घोयरा दिसला तर

घोयरा विषारी नाही. तरीही विषारी समजून त्याला मारणारे लोक आहेत. मादी अंडी घालायला झाडावरून जमिनीवर उतरते, तेव्हा ती माणसाच्या आणि गाडीच्या वाटेत सापडते. हातात धरलेला घोयरा काळवंडला, तोंड उघडून फुसकारू लागला, तर तो घाबरलेला आहे. रंग पाहण्यासाठी त्याला उचलू नका, कापडावर ठेवून बघू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. रस्त्यावर किंवा इमारतीच्या आवारात अडकलेला दिसला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि माणसं येईपर्यंत लांबूनच लक्ष ठेवा.