सफरचंदाची साल आणि शनीचं अंतर

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यात मध्यम आकाराच्या सफरचंदाचं वजन १८२ ग्रॅम धरलं आहे, गाभा आणि बिया सोडून. त्यात फायबर ४.४ ग्रॅम. तेच सफरचंद सोललं की १६१ ग्रॅम उरतं आणि फायबर २.१ ग्रॅम. म्हणजे सालीचं वजन २१ ग्रॅम, फळाच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतकं, पण फायबर मात्र निम्म्याहून जास्त तिनेच धरून ठेवलेलं. हे सगळं आपण ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो.

सव्वादोन ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं. त्यातला एकच ग्रॅम घेऊ आणि तो निव्वळ सेल्युलोजचा आहे असं धरू. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. एका ग्रॅमात अशा ग्लुकोजच्या कड्या किती? ३७ वर २० शून्यं. प्रत्येक कडी जवळपास अर्धा नॅनोमीटर लांब, म्हणजे एका मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागाएवढी. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे १९० कोटी किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, आणि सूर्यापासून शनी सरासरी १४३ कोटींवर. चिमूटभर सेल्युलोजच्या सगळ्या साखळ्या टोकाला टोक लावून मांडल्या तर सूर्यापासून निघून शनीच्या पुढे जातील आणि तरी उरतील. खऱ्या सालीत ही एकच सलग साखळी नसते. हजारो कड्यांच्या अगणित साखळ्या एकमेकींना बिलगून असतात. पण लांबीची बेरीज तेवढीच.

या १९० कोटी किलोमीटरमध्ये आपल्या शरीराला कात्री लावता येईल अशी एकही जागा नाही, हे मला त्या लांबीपेक्षाही विलक्षण वाटतं. बटाट्यातलं पिष्टही ग्लुकोजचंच बनलेलं असतं. पिष्टात मात्र सगळ्या कड्या एकाच बाजूने जोडलेल्या असतात, त्यामुळे साखळी वळत जाते आणि लाळेतलं, स्वादुपिंडातलं विकर ती पटापट तोडतं. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढची कडी उलटी बसते. साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळीला घट्ट चिकटते, आणि तो उलटा जोड तोडणारं विकर माणसाच्या जनुकांत लिहिलेलंच नाही.

आता फायबर मोजतात कसं ते पाहिलं की पुढचा घोळ समजतो. प्रयोगशाळेत अन्न वाळवून दळतात, त्यावर पिष्ट पचवणारी आणि प्रथिनं पचवणारी विकरं सोडतात, मग चौपट अल्कोहोल ओततात. त्यात विरघळलेलं पेक्टिनसारखं काही असेल तर तेही साका होऊन खाली बसतं. जे न पचता उरलं ते गाळायचं, वाळवायचं, वजन करायचं, त्यातून राख आणि उरलंसुरलं प्रथिन वजा करायचं. उरला तो फायबरचा आकडा. म्हणजे हा आकडा सांगतो फक्त एवढंच, की आपल्या विकरांना काय जमलं नाही. त्यात पेक्टिन किती, सेल्युलोज किती, लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन किती, हे त्यात कळत नाही. पाकिटावरचा ‘फायबर ५ ग्रॅम’ हा सगळ्यांना एकाच तागडीत तोललेला माल असतो.

आणि तो माल पोटात गेल्यावर अगदी वेगळा वागतो. मोठ्या आतड्यात आपली विकरं संपतात आणि जिवाणूंचं राज्य सुरू होतं. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या रॉन सेंडर, रॉन मिलो आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: ७० किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू, आणि माणसाच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. संख्येने ते आपल्यापेक्षा थोडे जास्तच, पण सगळ्यांचं वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. वर अशा जोडण्या तोडण्याची त्यांची सामग्री आपल्याहून कितीतरी दांडगी. पिष्ट आणि शर्करांच्या जोडण्या तोडणारी जेमतेम दीडेक डझन पाचक विकरं आपल्याकडे आहेत. आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्स थीटाआयोटाओमिक्रॉन नावाच्या एकाच जातीकडे अडीचशेहून अधिक.

हे जिवाणू पेक्टिनवर तुटून पडतात. पेक्टिन म्हणजे फळाच्या गरात पेशींना पेशी चिकटवून ठेवणारा डिंक. गोव्यात पेरूचा गर साखरेबरोबर आटवून पेराड करतात. ती वडी थंड झाल्यावर सुरीने कापण्याइतकी घट्ट होते ती याच पेक्टिनमुळे. पाण्यात ते फुगतं, दाट होतं, आणि मोठ्या आतड्यात पोहोचलं की जवळजवळ सगळं फस्त होतं. त्यातून तयार झालेल्या आम्लांपैकी ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. गव्हाचा कोंडा मात्र बराचसा तसाच्या तसा बाहेर पडतो, आणि जाताना पाणी धरून नेतो.

जॉन कमिंग्ज या ब्रिटिश पोषणतज्ज्ञाने बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र केले होते: खाल्लेल्या फायबरच्या दर ग्रॅममागे शौचाचं वजन किती वाढतं? गव्हाच्या कोंड्याने ५.४ ग्रॅम, फळं आणि भाज्यांनी ४.७ ग्रॅम, आणि निव्वळ पेक्टिनने फक्त १.२ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान २५ ग्रॅम फायबर सुचवते. ते सगळं पेक्टिनमधून आलं तर (तसं कुणी जेवत नाही, हिशेबापुरतं) शौचाचं वजन ३० ग्रॅमने वाढेल, कोंड्यातून आलं तर १३५ ग्रॅमने. तक्त्यात दोन्हीकडे २५च लिहिलेलं असेल. बद्धकोष्ठाची तक्रार असलेल्या माणसाला या दोहोंतला फरक कोणी सांगायची गरज पडत नाही.

साल काढल्यावर काय बदलतं ते इथे कळतं. गरात पेक्टिनचा वाटा मोठा, सालीत सेल्युलोज, लिग्निन आणि बाहेरून मेणासारख्या क्युटिनचा लेप. सोललेल्या सफरचंदात फायबर निम्मं होतं हे खरंच, पण उरलेल्या निम्म्याचा स्वभावही बदललेला असतो. पाणी धरून पुढे ढकलणारा भाग जास्त गेला, जिवाणूंना आवडणारा भाग जास्त राहिला. सालीचा चिवटपणा पाहायचा असेल तर टोमॅटोचं सार उकळताना पातेल्यात डोकवावं. गर विरघळून रस्सा होतो, आणि साल मात्र सुटी होऊन काडीसारखी गुंडाळते आणि वर तरंगते. अर्धा तास उकळा, ती तशीच. घोसाळं वेलीवर जून होऊन वाळलं की आतल्या जाळीने लोक अंग घासतात. पेशींतलं सगळं वाळून गेल्यावर उरलेलं ते सेल्युलोज आणि लिग्निन. कोवळं असताना तेच आपण भाजीत खातो, फक्त तेव्हा ते मऊ आणि थोडं असतं. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या घरांनी हा माल वाया जाऊ दिला नाही. शिरा बारीक चिरून, तेलावर कुरकुरीत करून, तीळ-खोबऱ्याबरोबर कुटायच्या, म्हणजे चावताना त्रास नाही.

एक सावधगिरी मात्र तक्त्यांबद्दल. अमेरिकेच्याच त्या तक्त्यात सालीसकट काकडीत दर १०० ग्रॅममागे फायबर ०.५ ग्रॅम आहे, आणि सोललेल्या काकडीत ०.७. साल काढल्यावर फायबर वाढलं! असं होत नाही, अर्थात. या दोन नोंदी एकाच काकडीच्या नाहीत. वेगळी काकडी, वेगळी जात, वेगळा नमुना. काकडीत मुळात फायबर इतकं कमी की नमुन्यातला फरक सालीच्या फरकाला गिळून टाकतो. सफरचंदाच्या आकड्यांतही हा धोका आहे, पण तिथे ४.४ आणि २.१ मधलं अंतर मोठं असल्याने दिशा तरी पक्की. दोन आकडे जवळ असले की सोलण्याबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

धान्याचं सोलणं आपल्याला सोलणं वाटत नाही, कारण ते गिरणीत होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या तक्त्यात गव्हाच्या आट्यात दर १०० ग्रॅममागे फायबर ११.३६ ग्रॅम आणि मैद्यात २.७६ ग्रॅम आहे. एका किलोला ११४ ग्रॅमचे २८ ग्रॅम. तांदळाचं तेच, फक्त मुळात कमी असल्याने घट लहान दिसते: हातसडीसारख्या तपकिरी तांदळात ४.४३, पॉलिश केलेल्यात २.८१.

मैदा निदान मैदा म्हणून ओळखू येतो. चाळणीचं तसं नाही. गिरणीतून आणलेलं एक किलो पीठ बारीक चाळणीने चाळलं आणि चाळणीत ५० ग्रॅम चाळ उरली असं धरा. गव्हाच्या कोंड्यात वजनाच्या सुमारे ४३ टक्के फायबर असतं. ती चाळ निव्वळ कोंडा असेल तर त्यातून २१ ग्रॅम फायबर गेलं. पिठाचा विसावा भाग टाकला आणि फायबरचा जवळपास पाचवा. प्रत्यक्षात चाळीला थोडं पीठ चिकटलेलं असतं, तेवढं नुकसान कमी. पण रोज चाळणाऱ्या घरात आट्याचं पोळीपर्यंत पोहोचेस्तोवर काय झालं, ते कुठल्याच पाकिटावर छापलेलं नसतं. आणि कोंड्याचा कण जितका जाडा, तितकं पाणी धरण्याचं काम तो जास्त करतो. तोच कोंडा अगदी वस्त्रगाळ दळला तर फायबरचा आकडा तोच राहतो, परिणाम मात्र उतरतो.

हे कणाचं प्रकरण फळातही आहे. १९७७ साली लॅन्सेटमध्ये हेबर, हीटन आणि सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसांवरचा एक प्रयोग छापला. प्रत्येकाला तीन वेळा सफरचंदातून ६० ग्रॅम पचणारी कर्बोदकं दिली, म्हणजे साधारण अर्धा किलो सफरचंदांएवढी: एकदा फळं तशीच, एकदा लगदा करून, एकदा रस काढून. लगद्यात फायबर सगळं होतं, फक्त मोडलेलं. रस पिण्याचा वेग फळं चावून खाण्याच्या ११ पट निघाला, आणि लगद्याच्या चौपट. पोट भरल्याची जाणीव फळांनी सर्वात जास्त, मग लगद्याने, रसाने सर्वात कमी. रक्तातली साखर तिन्ही वेळा सारखीच चढली, पण इन्सुलिन रसाने आणि लगद्यानेही जास्त वाढवलं, आणि नंतर साखर खाली घसरली ती रसानंतर ठळकपणे, लगद्यानंतर थोडी, अख्ख्या फळांनंतर घसरलीच नाही. साल ठेवून मिक्सरमध्ये फिरवणाऱ्यांच्या ग्लासात फायबरचे ग्रॅम पूर्ण असतात. मोडलेली असते ती पेशींची भिंत, आणि ती कुठल्याच तक्त्यात मोजलेली नसते.