प्रास्ताविक पाहुण्यांसाठी, आमंत्रण मागच्या रांगेला

शाळेतल्या कार्यक्रमाचा क्रम ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, प्रास्ताविक आणि शेवटी आभार. फोटोग्राफी क्लबचं पहिलंवहिलं प्रदर्शन असेल तर प्रास्ताविकाचं काम बहुधा चित्रकलेच्या सरांकडे किंवा बाईंकडे येतं आणि लाजऱ्या मुलांना त्यातून धीर मिळावा, अशी अपेक्षाही सोबत येते. मग भाषणात ‘लाजू नका, पुढे या’ हे वाक्य हमखास येतं. ज्यांच्यासाठी ते म्हटलेलं असतं ती मुलं नेमकी त्याच क्षणी खांबामागे सरकतात, कारण सगळा वर्ग वळून त्यांच्याकडेच बघत असतो.

यातली बरीचशी मुलं मैत्रिणीला, भावाला मोबाइलवर फोटो बिनदिक्कत दाखवतात. त्यांना फोटोची लाज वाटत नाही. धास्ती असते ती भिंतीवरच्या फोटोशेजारी उभं राहण्याची. कुणाचे तरी बाबा येणार, ‘हा तू काढलास? कुठला मोबाइल?’ असं विचारणार, वर ‘जरा हललाय’ असंही सांगून जाणार. मुलांना काहीही सांगितलं तरी हे टळत नाही. ते पाहुण्यांना सांगावं लागतं. म्हणून माझ्या मते या भाषणाचा मोठा भाग मुलांना उद्देशून नसावाच. तो पालकांना आणि पाहुण्यांना उद्देशून असावा आणि मुलांनी तो मागे उभं राहून ऐकावा.

पाहुण्यांना काय सांगायचं? तर फोटो कसा बघायचा ते. आणि ते बघून दाखवायचं, प्रत्यक्ष भिंतीवरचा एक फोटो घेऊन.

समजा, एका मुलीने दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पावसात भिजणारा सायकल स्टँड टिपला आहे. ओळीने सायकली, प्रत्येक सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि खालच्या कडेला एकच सीट उघडी. फोटो थोडा तिरका आहे, पावसामुळे जरासा धूसरही. भाषणात असं म्हणता येईल: “हा फोटो वरून काढलाय. खाली उभं राहून काढला असता तर समोरच्या दोन-तीन सायकलीच दिसल्या असत्या, पिशव्यांची ही रांग दिसलीच नसती. आता खालच्या कडेला बघा. एका सीटवर पिशवी नाही. ती कुणाची असेल, हे फोटो सांगत नाही. फोटो काढणाऱ्याने ती कडेला ठेवली आहे, म्हणून आपण ती शोधतो. आज कुणाशी बोलायचं असेल तर ‘हा कुठून काढलास?’ एवढंच विचारा. मोबाइल कुठला, हे विचारू नका.”

यात ‘छान’, ‘सुंदर’, ‘अगदी प्रोफेशनल’ असा एकही शब्द नाही. कौतुक ऐकलं की लाजरं मूल मान खाली घालतं आणि ज्यांच्या फोटोचं नाव निघालं नाही ती मुलं आपला फोटो मनातल्या मनात रद्द करतात. वरच्या वाक्यांत फक्त निर्णय सांगितले आहेत: कुठे उभं राहिलं, कडेला काय ठेवलं. असे निर्णय प्रत्येक फोटोत असतात, हललेल्या फोटोतही. ऐकणाऱ्या मुलाला आपल्या फोटोतले निर्णय आठवू लागतात. नाव मात्र घ्यायचं नाही, आणि या फोटोबद्दल बोलू का, हे त्या मुलीला आदल्या दिवशी एकटीला गाठून विचारायचं. ती नको म्हणाली तर दुसरा फोटो घ्यायचा. सर्वांदेखत तर विचारायचंच नाही.

इथे एक गफलत हमखास होते आणि ती भाषणात उघडी पडते. मोबाइलचा फोटो बहुधा 4:3 या प्रमाणात असतो आणि स्टुडिओतला लोकप्रिय कागद 8 बाय 12 इंची, म्हणजे 3:2. रुंदी 12 इंच धरली तर या फोटोची उंची 9 इंच व्हायला हवी, पण कागद 8 इंचीच असतो. आडव्या फोटोचा वरचा-खालचा मिळून एक इंच कापला जातो. आपली उघडी सीट खालच्या कडेलाच होती! वक्त्याने मोबाइलवर फोटो बघून भाषण लिहिलं असेल तर तो भिंतीवर नसलेली सीट दाखवत बसेल आणि मुलीला मात्र आपला फोटो कापलेला दिसेल. स्टुडिओत ‘पूर्ण फ्रेम ठेवा, पांढरी पट्टी आली तरी चालेल’ एवढं सांगितलं की काम होतं, नाहीतर 6 बाय 8 चा कागद घ्यावा. तो 4:3 मध्ये चपखल बसतो. आणि भाषण भिंतीसमोर उभं राहून लिहावं.

मोठ्या माणसांचे दाखले द्यायचे तर जपून. शिकागोत मुलं सांभाळायचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांचं नाव अशा भाषणांत घ्यावंसं वाटतं. त्यांनी एक लाखाहून अधिक फोटो काढले, जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत आणि 2009 मध्ये त्या गेल्यानंतर जगाने त्यांना डोक्यावर घेतलं. गोष्ट विलक्षण आहे, पण लाजऱ्या मुलाला तिच्यातून दिसतो तो कपाटात ठेवलेला फोटो.

त्यापेक्षा रघु राय यांची गोष्ट कामाची. 1960 च्या दशकात त्यांनी एका खेड्यात गाढवाच्या पिल्लाचा फोटो काढला. तो लंडनच्या ‘द टाइम्स’कडे पाठवला त्यांचे थोरले बंधू, छायाचित्रकार एस. पॉल यांनी, आणि तो छापून आला. म्हणजे दाखवण्याचं काम दुसऱ्यानेही करता येतं. शाळेत ते मैत्रीण करू शकते, फक्त जिचा फोटो तिला विचारून.

नावाचा प्रश्न आला की होमाई व्यारावाला आठवतात. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या छायाचित्रकार बाईंचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावाने छापले जात. त्यामागे लाजणं नव्हतं. एक अनोळखी स्त्री हे काम करते, ही त्या काळातली अडचण होती, आणि तेवढं सांगूनच दाखला द्यावा. पुढे त्यांनी ‘डालडा 13’ हे टोपणनाव घेतलं, गाडीच्या डीएलडी 13 या नंबरावरून. मुलं यावर हसतात, आणि टोपणनाव घेणं म्हणजे पळ काढणं नव्हे, हे हसता हसता पोचतं.

मग भाषणाचा शेवट. इथे प्रथमच मुलांशी बोलायचं, तेही दोन-चार वाक्यांत, आणि ती कामाची हवीत: “दाराजवळचा शेवटचा बोर्ड मुद्दाम रिकामा ठेवलाय. तुमचा फोटो 4 बाय 6 मध्ये काढून पाकिटात घाला आणि माझ्या टेबलावरच्या खोक्यात टाका. मागे पूर्ण नाव लिहा, टोपणनाव लिहा, नाहीतर फक्त इयत्ता. शनिवारच्या मधल्या सुट्टीपर्यंत आलेला प्रत्येक फोटो लागेल. नंतर नको वाटला तर काढून घ्या, कारण विचारणार नाही.” शेवटचं वाक्य गाळू नये. परतीची वाट आहे असं कळलं तरच काही मुलं पाऊल टाकतात.

सगळं मिळून तीन-चार मिनिटं, कारण श्रोते उभे असतात. पाहुण्यांनाही आधी एक विनंती करून ठेवावी: ऐनवेळी उत्स्फूर्तपणे ‘सर्वोत्कृष्ट फोटो’ला रोख बक्षीस जाहीर करू नका. ते जाहीर झालं की खोक्यात एकही पाकीट पडत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी खोकं रिकामंच राहतं, हे धरून चालावं. गर्दी ओसरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलं एकेकटी येऊन आधी बोर्ड बघून जातात आणि मग पाकीट आणतात. त्यामुळे प्रदर्शन निदान तीन दिवस तरी ठेवावं. एकाच दिवसाचं असेल तर रिकाम्या बोर्डाचा परिच्छेद भाषणातून काढून टाकलेला बरा.