पहिल्या सहाशे नगांचा भाव

लेखमाला : नवा माल बाजारात आणताना – लेखांक ५

भिवंडीत ग्रे कापड विणणाऱ्या यंत्रमाग कारखानदाराला भाव ठरवायची सवय नसते. सुताचा भाव बाजार सांगतो, कापडाचा भाव दलाल सांगतो, आणि मधल्या फटीत जे उरेल ते त्याचं. मजुरीवर माग चालवणाऱ्याच्या वाट्याला तर तेवढाही विचार येत नाही. पण हाच कारखानदार उद्या स्वतःच्या नावाचा बेडशीटचा सेट पाकिटात घालून बाजारात आणतो, तेव्हा पहिल्यांदाच कुणीतरी त्याला विचारतं, ‘शेठ, भाव काय लावायचा?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘सध्या कमी लावा, माल चालला की वाढवू.’

या उत्तराचा पहिला भाग कुणालाही जमतो. घोळ होतो तो दुसऱ्या भागात. माल चालला हे कशावरून समजायचं, वाढवायचं किती आणि ज्यांनी सुरुवातीला घेतलं त्यांचं काय, यातलं काहीच ठरलेलं नसतं. मागच्या लेखात आपण मालाचा खरा खर्च काढला. आता त्यावर पहिला भाव आणि नंतरचा भाव कसा बसवायचा ते पाहू.

यातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे, चाकणचं. महिंद्रा कंपनीने तिथे तयार होणाऱ्या एक्सयूव्ही ७०० या गाडीच्या पहिल्या किमती १४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केल्या. सर्वांत साधं पेट्रोल मॉडेल ११ लाख ९९ हजारांना होतं. नोंदणीआधी एक अट जाहीर झाली : हा भाव पहिल्या २५ हजार नोंदण्यांपुरता. ७ ऑक्टोबरला सकाळी नोंदणी उघडली आणि २५ हजारांचा आकडा ५७ मिनिटांत पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी तेच मॉडेल १२ लाख ४९ हजारांना होतं. पन्नास हजार रुपये वाढले, तरी पुढच्या २५ हजार नोंदण्या दोन तासांच्या आसपास झाल्या.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण छोट्या उत्पादकाने त्यातून उचलायचं ते वेगळंच. सवलतीची हद्द तारखेने नव्हे तर नगांनी ठरली होती, आणि ती नोंदणी सुरू होण्याआधी सगळ्यांना ठाऊक होती. शिवाय भाव नोंदणीला चिकटलेला होता. गाडी काही महिन्यांनी हातात आली तरी पहिल्या २५ हजारांतल्या माणसाचा भाव तोच. मधल्या काळात पोलाद महागलं तर तो भार कंपनीचा. म्हणून भाव वाढला त्या दिवशी पहिला ग्राहक नाराज झाला नाही, उलट त्याला आपण पन्नास हजार वाचवले असं वाटलं. भाव वाढल्याने पहिला ग्राहक दुखावतो हा समजच मुळात अर्धवट आहे. एकदाच घ्यायच्या वस्तूत भाव वाढला की त्याची निवड शहाणपणाची ठरते.

तो दुखावतो ते भाव उतरला की. अ‍ॅपलने पहिला आयफोन जून २००७ च्या अखेरीस अमेरिकेत ५९९ डॉलरला काढला आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ३९९ ला आणला. रात्रभर रांगा लावून फोन घेतलेले लोक इतके चिडले, की स्टीव्ह जॉब्स यांना जाहीर पत्र लिहून त्या ग्राहकांना शंभर डॉलरची खरेदी-सवलत द्यावी लागली. म्हणजे सुरुवातीचा भाव थोडा खाली ठेवून वर जाणं, हे वर ठेवून खाली येण्यापेक्षा कितीतरी कमी धोक्याचं.

मात्र भिवंडीतला व्यवहार गाडीसारखा एकदाच होत नाही. दुकानदार आज तीस सेट नेतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तीस मागतो. इथे वाढलेला भाव दुसऱ्या कुणाला नाही, त्याच पहिल्या ग्राहकाला भरायचा असतो. चाकणचा नियम इथे अर्धाच लागू पडतो.

अशा व्यवहारासाठी जिओकडे पाहावं. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू झाली तेव्हा ती फुकट होती, आधी डिसेंबरअखेर, मग मार्चअखेर. फुकटातून पैशांवर येणं ही सगळ्यात उंच पायरी, आणि ती सगळ्यांना एकाच वेळी चढायची होती. २१ फेब्रुवारी २०१७ ला, म्हणजे महिनाभर आधी, मुकेश अंबानी यांनी पुढचे दर जाहीर केले आणि सोबत प्राइम सदस्यत्व आणलं. वर्षाला ९९ रुपये भरून जुना ग्राहक महिन्याला ३०३ रुपयांच्या खास दरात राहू शकत होता. वर्ष संपल्यावर कंपनीने जुन्या प्राइम सदस्यांना पुढचं वर्ष फुकट दिलं, नव्यांना मात्र ९९ रुपये भरायला लावले. पहिल्या ग्राहकाचा भाव वाढला, पण त्याचा वेगळा मान राहिला. एक गोष्ट मात्र अनुकरण करण्याजोगी नाही. सदस्यत्वाची ३१ मार्चची शेवटची तारीख ऐनवेळी १५ एप्रिलपर्यंत वाढवली गेली. मोठ्या कंपनीला ते पचतं. छोट्या उत्पादकाने एकदा मुदत वाढवली की पुढच्या वेळी त्याच्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता हे आपल्या बेडशीटवर उतरवून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका सेटचा पाकिटासह गोदामापर्यंतचा खर्च ४५० रुपये आहे. दुकानदाराला द्यायचा पुरता भाव ६०० आणि पाकिटावरची छापील किंमत ९९९. सुरुवातीचा भाव ५१० ठेवला, तर नगामागे नव्वद रुपये सोडावे लागतात आणि तरीही साठ रुपये हातात राहतात. पहिले सहाशे नग या भावाने दिले तर एकूण सवलत ५४ हजारांची झाली. हा आकडा नफ्यातली तूट म्हणून नको, माल ओळखीचा करण्याचा खर्च म्हणून वहीत वेगळा लिहावा. पुरत्या भावात नगामागे दीडशे सुटतात, म्हणजे पुढचे ३६० नग विकल्यावर तो भरून निघतो. हे गणित आधी केलं नाही तर ‘अजून थोडे दिवस’ म्हणत सहाशेचे दोन हजार नग कधी होतात ते कळत नाही.

हे सहाशे नग एकाच हाती जाऊ नयेत, ही पुढची काळजी. भाव वाढणार हे कळलं की एखादा मोठा व्यापारी शेवटच्या दिवशी दोनशे सेट उचलतो आणि पुढचे तीन-चार महिने तुमचाच माल तुमच्या पुरत्या भावाच्या खाली विकतो. नवा दुकानदार ६०० ऐकून म्हणतो, ‘पलीकडे तर साडेपाचशेला मिळतोय.’ तेव्हा वीस दुकानं, प्रत्येकी तीस नग, अशी वाटणी करावी. थोडे तुटपुंजे वाटतील, पण ओळख वीस ठिकाणी होते आणि साठा कुठेच साचत नाही.

बिल कसं लिहायचं ते नीट ठरवलं, की पुढचं निम्मं भांडण टळतं. बिलावर ५१० हा दर लिहू नये. दर ६००, सुरुवातीची सवलत ९०, निव्वळ ५१०, असं तीन ओळींत लिहावं. बिलातच दाखवलेली सवलत वजा करून जीएसटी आकारला जातो, त्यामुळे कर ५१० वरच बसतो. आणि दुकानदाराच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून ६०० हा आकडा राहतो. दोन महिन्यांनी भाव वाढला असं त्याला वाटत नाही, सवलत संपली असं वाटतं. भिवंडीच्या गोदामवाल्यांना हे शिकवायची गरज नाही. गोदामाच्या करारात दर वर्षी पाच टक्के किंवा तीन वर्षांनी पंधरा टक्के भाडेवाढ पहिल्याच दिवशी लिहिलेली असते, म्हणून ती तारीख आली की भाडेकरू कुरकुरला तरी भांडत नाही.

पाकिटावरच्या छापील किमतीबाबत तर पर्यायच नाही. काही जण सुरुवातीला ८४९ छापतात आणि नंतर वर ९९९ चं स्टिकर मारायचं ठरवतात. पाकीटबंद मालाच्या २०११ च्या नियमांत ते बसत नाही. किंमत कमी करण्यासाठी स्टिकर लावता येतं, तेही जुनी किंमत न झाकता, वाढवण्यासाठी नाही. तेव्हा ९९९ च छापावं आणि सवलत बिलात द्यावी. उलट, कधीच न मिळणारा फुगवलेला भाव छापून त्यावर मोठी सूट दाखवणं हीसुद्धा ग्राहकाची दिशाभूलच. ऑनलाइन विकणाऱ्यांनी आणखी जपावं. नग भरपूर असताना ‘शेवटचे काही शिल्लक’ असं दाखवणं ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसव्या पद्धतींत मोडतं.

राहिले ते पहिले वीस दुकानदार. त्यांना ५१० चा भाव कायमचा देऊ नये. एकाच पेठेत एका मालाचे दोन भाव फार दिवस लपत नाहीत. धामणकर नाक्यावरच्या चहात ते बाहेर येतात. त्याऐवजी सहाशे नग संपत आले की वीस जणांना आधी कळवावं, निदान महिनाभर, आणि दुसऱ्या मागणीपुरता मधला भाव द्यावा : तीस नग, ५५५ रुपयांनी, अमुक तारखेपर्यंत. कळवताना सूत महागल्याची सबब पुढे करू नये. दुकानदार सुताचा भाव आपल्याइतकाच जाणतो, आणि सूत उतरलं की तो भाव उतरवायला सांगेल. कळवण्याच्या दिवसापर्यंत आलेली आणि अजून न गेलेली मागणी मात्र जुन्याच भावाने द्यावी. भाव मागणीच्या तारखेचा, माल निघाल्याच्या तारखेचा नाही.

हे सगळं करूनही भाव टिकेलच असं नाही. पहिल्या सहाशे नगांच्या खपावरून काहीच कळत नाही, कारण स्वस्त माल कुणीही घेऊन पाहतो. ५५५ ची दुसरी मागणीही अर्धीच खूण. खरी परीक्षा ६०० च्या तिसऱ्या मागणीची. वीसपैकी बारा-तेरा दुकानं परत आली तर भाव बसला. पाच-सहाच आली तर सवलत पुन्हा सुरू करण्याचा मोह होईल, तो आवरावा. एकदा मागे घेतलेली वाढ पुन्हा लावणं फार अवघड जातं, आणि ६०० ने घेतलेले ते पाच-सहा जण आयफोनवाल्यांसारखे नाराज होतील ते वेगळंच. त्याऐवजी न आलेल्या दुकानांत जाऊन पाहावं की पहिले तीस नग विकले गेले की अजून फळीवर पडून आहेत. पडून असतील तर दोष भावाचा असेल किंवा मालाचा. विकले जाऊनही मागणी आली नसेल, तर कारण बहुधा उधारीच्या मुदतीत सापडतं. दुसऱ्या कुणीतरी त्याला आपल्यापेक्षा महिनाभर जास्त दिलेला असतो.

उधारीचा दिवस किती रुपयांना पडतो, हा पुढच्या आठवड्याचा विषय. तोवर वाचकांनी आपल्या शेवटच्या वीस बिलांवर दर आणि सवलत वेगळी लिहिली आहे का, तेवढं पाहून ठेवावं.